झडीतलं धुणं आणि रिकामा कूलर

आर्वी तालुका,
१८ जुलै

प्रिय गजानन,

सप्रेम नमस्कार.

झड लागली की घरात वाळवलेले कपडे अंगात घातल्यावर तासाभरातच कुबट वास मारतात, आणि पोराचा गणवेश तर रोजच लागतो, असं वहिनी फोनवर म्हणाल्या. फोनवर सगळं नीट सांगता येत नाही, म्हणून लिहितो.

आधी वास येतो कशाने, ते बघ. घामातला तेलकट अंश धुतल्यावरही धाग्यात थोडा उरतो. कपडा बराच वेळ ओला राहिला की त्यावर जीवाणू वाढतात आणि आंबूस वास सोडतात. मोराक्सेला नावाचा एक जीवाणू तर कपडा वाळला तरी जिवंत राहतो. म्हणून कोरड्या शर्टाला वास नसतो, पण घाम लागला की तो पुन्हा उठतो. वरून अत्तर किंवा सुगंधी पावडर मारून उपयोग नाही. कपडा किती तास ओला राहतो, त्यावर सगळं आहे.

तुझ्या घरी उन्हाळ्यातला कूलर पावसाळाभर रिकामा पडलेला असतो, तोच कामाला लाव. टाकी पूर्ण रिकामी करून पुसून घे, पंपाचं बटण बंद ठेव आणि तिन्ही बाजूंच्या गवताच्या ताट्या काढून टाक. ताट्या तशाच राहिल्या तर त्यांचाच कुबट वास कपड्यांत बसेल. कूलर खिडकीत असेल तर खोलीत आत घे, नाहीतर पावसाची झोड मोटारीवर येईल. अर्थिंग तपासल्याशिवाय लावूच नकोस. पत्र्याच्या कूलरचा शॉक जीव घेतो. चालू असताना ओल्या हाताने त्याला शिवायचं नाही, आणि कपडे त्याच्यापासून तीन फुटांवर ठेवायचे.

आता दोरी. बहुतेक जण ती हवेला आडवी बांधतात. मग पहिलाच कपडा पडद्यासारखा हवा अडवतो आणि मागचे ओलेच राहतात. दोरी कूलरकडून समोरच्या उघड्या खिडकीकडे सरळ जाऊ दे, म्हणजे वारा कपड्याच्या दोन्ही अंगांनी सरकतो. दोन दोऱ्या हातभर अंतरावर बांध आणि दोघींच्या मधून हवा सोड. एका दोरीवर दोन कपड्यांत चार बोटं जागा ठेव. एकावर एक कपडा टाकलास की मधली ओल दुसऱ्या दिवशीही तशीच सापडेल. समोरची खिडकी मात्र उघडी हवीच. ती बंद असेल तर तीच दमट हवा खोलीत गरगर फिरते. काचेवर दव धरू लागलं की समजावं, हवेला बाहेर जायला वाट नाही.

समज, संध्याकाळी सहाला गणवेशाचा शर्ट-पँट, एक जीन्स आणि एक टॉवेल धुतला. आधी प्रत्येक कपडा पिळून कोरड्या पंचात गुंडाळ आणि गुंडाळीवर गुडघ्याने दाब दे. जीन्समधलं पाणी असं निघालं तर रात्रीचे बरेच तास वाचतात. मग गणवेश खिडकीच्या बाजूला नको, कूलरजवळच्या टोकाला लाव, कारण तिथली हवा अजून ओली झालेली नसते. शर्ट हँगरवर, सगळी बटणं उघडी. जीन्स उलटी करून, खिसे बाहेर ओढून, कमरेला तीन चिमटे लाव, म्हणजे ती नळीसारखी उघडी राहील. टॉवेल दुमडून टाकू नकोस, एका काठाने लटकव. गणवेश टेरिकॉटचा असेल तर झोपायच्या वेळेपर्यंत बहुतेक वाळतो. जीन्सला सकाळ उजाडते. म्हणून झडीत जीन्स नि जाड टॉवेल बाजूला ठेवलेले बरे, पंचा वापरावा. टेरिकॉट पाणी कमी धरतो पण तेलकटपणा घट्ट धरतो, तेव्हा तो कपडा रोज धुवायलाच हवा.

वाळला का ते तळहाताने कळत नाही. कॉलर, काख, कमरपट्टी गालाला लावून बघ. गार लागलं म्हणजे अजून ओल उडते आहे. अशा शिवणींवर गरम इस्त्री फिरव, मग अर्धा तास टांगून ठेव, लगेच घडी घालून कपाटात टाकू नकोस.

आधीच वास धरलेले सुती कपडे हात बुडवून धरवणार नाही इतक्या गरम पाण्यात, बादलीला दोन चमचे धुण्याचा सोडा घालून, अर्धा तास भिजव. रंग जाणारे वेगळे काढ. रात्रभर साबणात भिजत घालायची सवय मात्र वहिनींना सोडायला सांग, त्यानेच वास वाढतो. तुझ्या विहिरीचं पाणी जड आहे. वडीच्या साबणाचा चिकट साका कपड्यात बसतो, म्हणून दोनदा नाही, तीनदा खळबळून काढ.

वीज गेली तर कपडे खोलीत बंद करू नकोस, वाऱ्याच्या बाजूच्या छपरीत सरकव. चुलीवर टांगू नकोस, धुराचा वासही बसतो आणि आगीचीही भीती.

कूलरचा अर्थिंगचा तार आधी बघून घे आणि मला कळव. वहिनींना नमस्कार, पोराला आशीर्वाद.

तुझा,
विलास