आज्जाच्या बावीस दिवसांबद्दल

प्रिय ओंकार,

रविवारी मी फोन मधेच ठेवला त्याचं तुला वाईट वाटलं असणार. एवढ्या हौसेनं सात पानं लिहून पाठवलीस, दिवाळी अंकाला द्यायची आहेत म्हणालास, आणि मी नुसतं "हे असं देऊ नकोस" म्हणून ठेवून दिला. कुकरचं कारण खोटं होतं. तुझ्या तिसऱ्या पानावर लिहिलंयस, "आज्जा बावीस दिवस हिंडलग्याच्या जेलात होते." ते वाचून माझे हातपाय गार पडले, कारण ते वाक्य मीच तुला लहानपणी झोपवताना सांगितलंय आणि ते खरं नाही.

आता जे लिहितेय ते आपल्या घरात आज्जीला, मला आणि मामाआज्जांना एवढ्यांनाच माहीत होतं, आणि मामाआज्जा तर गेले. तुझ्या बाबांना मी कधी बोलले नाही. मामाला तर नाहीच नाही.

जून १९८६. बेळगाव भागात कन्नडसक्तीविरुद्धचं आंदोलन १ तारखेला पेटलं, ते तुला माहीत आहे, हिंडलग्याच्या हुतात्मा स्मारकाला तुला कडेवर घेऊन गेलेय मी. त्याच आठवड्यात आज्जाला गावातल्या चार-पाच जणांबरोबर उचललं. मी बारा वर्षांची, मामा चार. चौथ्या रात्री परसाकडचं दार वाजलं. मला जाग आली, आज्जीनं दिवा लावला नव्हता, आणि आज्जा आत आला तो डोक्यावर टोपी नाही, पायात चप्पल नाही. टोपीशिवाय मी त्याला तोवर बघितलंच नव्हतं, म्हणून आधी ओळखलंच नाही. पहाट व्हायच्या आत मामाआज्जांनी त्याला सायकलच्या कॅरिअरवर बसवून शिनोळीच्या पलीकडे चंदगड तालुक्यात मावशीकडे पोचवलं. जाताना आज्जी मला म्हणाली, कोणी विचारलं तर बाबा अजून आत आहेत म्हणायचं.

मी म्हटलं. पुढचे अठरा दिवस सगळ्यांना म्हटलं. शाळेत बाईंनी मला वर्गासमोर उभं केलं, सगळ्यांना टाळ्या वाजवायला लावल्या, आणि मी मान खाली घालून उभी. बाई म्हणाल्या, बघा किती विनय.

हे मी तीनदा लिहायला बसलेय, तुला माहीत नाही. कपाटात पासबुकांच्या खाली दोनशेपानी वही आहे. पहिल्यांदा लिहिलं तेव्हा आज्जाला नुसत्या शिव्या दिल्यासारखं झालं. दुसऱ्यांदा इतकं कौतुक केलं की आज्जा लिहून देऊन सुटला तेच धैर्य वाटावं. दोन्ही फाडलं. तिसऱ्यांदा पानाचे उभे तीन भाग केले, मी पाहिलं, मी ऐकलं, मला वाटतं, आणि एकेक गोष्ट उचलून कुठे बसते ते बघत गेले. तुलाही हेच कर म्हणणार आहे, म्हणून सविस्तर सांगते.

आज्जाच्या खिशात एक कागद होता, तो दुसऱ्या दिवशी आज्जीनं ट्रंकेत ठेवला आणि मी चोरून बघितला. मजकूर सगळा कन्नडात, आणि खाली आज्जाची मराठीत सही, ती त्याची ल ला लांब शेपूट असलेली. हे मी पाहिलं. कागदात काय होतं ते मी पाहिलं नाही, कारण मला तेव्हा कन्नड वाचता येत नव्हतं, आणि आज्जालाही येत नव्हतं. पुढं खूप वर्षांनी, तू पोटात असताना, आज्जी एकदा भाकऱ्या थापता थापता म्हणाली, "पुन्हा भाग घेणार नाही म्हणून लिहून दिलं तेव्हा सोडलं." हे ऐकलं. कागद तिनं कधीच चुलीत घातला होता. आणि का लिहून दिलं? मामाला हगवण लागली होती, भाताची पेरणी अडली होती, का आत मारहाण झाली, हे सगळं तिसऱ्या भागात. तिथं मी कितीतरी पानं भरली आणि शेवटी खोडली. आज्जानं कारण सांगितलं नाही. "का ते आम्हाला कधी कळलं नाही" एवढं वाक्य पुरे. कारण आपण बनवून घातलं की तो आज्जा उरत नाही, आपल्याला सोयीचा माणूस होतो.

आता डोळ्यांनी पाहिलेलंसुद्धा कसं फसवतं बघ. माझ्या डोळ्यापुढं कायम होतं की त्या रात्री दार उघडलं तेव्हा आज्जीच्या मनगटाला वडाला गुंडाळून उरलेला दोरा होता. नवरा लपत आलाय आणि बायकोच्या हाताला वटपौर्णिमेचा दोरा, किती छान लिहिता येतं ना, मी तर त्यावर पानभर लिहिलं होतं. मग मोबाईलवर १९८६ चं पंचांग काढलं. ज्येष्ठ पौर्णिमा २१-२२ जूनला, शनिवार-रविवार. आज्जाला पहिल्या आठवड्यात पकडलं, म्हणजे चौथी रात्र फार तर दहा-अकरा तारखेला संपते. दोरा त्या रात्रीचा असूच शकत नाही. मग आठवलं, वटपौर्णिमेच्या दुसऱ्या दिवशी आज्जी आणि मी दशम्या बांधून मावशीकडे गेलो होतो, दोरा तेव्हाचा. दोन दिवस माझ्या डोक्यात एकाला एक चिकटले होते. तो दोरा खोडताना मला फार जड गेलं. पण तुझ्या बावीस दिवसांचा निकालही तिथंच लागतो. ५ जूनला पकडलं धरलं तरी बावीस दिवस २७ ला भरतात, आणि आम्ही त्याच्या आधीच त्याला पडवीत बसून दशमी खाताना बघितलाय.

यावर तू म्हणशील, मग "बावीस दिवस घराबाहेर होते" असं लिहितो, ते तर खोटं नाही. नको रे. त्यातला शब्द न् शब्द खरा, आणि वाचणारा मात्र जेलच समजणार, हे तुला लिहितानाच माहीत असणार. त्यापेक्षा जेलचा विषयच काढू नकोस, आज्जाच्या भातावर लिही, बैलांवर लिही. न सांगणं वेगळं आणि फसवणं वेगळं.

मला सगळ्यात भीती आज्जीची आहे. तिला वाचता येत नाही, पण शेजारच्या वहिनी तिला पेपर वाचून दाखवतात, अंक घरात आला की त्या हेही वाचणार, आणि ती सोप्यात बसून आपलं सगळं आयुष्य दुसऱ्याच्या तोंडून ऐकणार. नाव बदलतो असं पण म्हणू नकोस. पुण्यातल्या वाचणाऱ्याला नाव बदललेलं चालतं, गावाला नाव लागतच नाही. लांब शेपटीची सही, चंदगडची मावशी, चार वर्षांचं पोर, एवढ्यावर आपल्या गल्लीतलं कोणीही बोट ठेवील. आणि या गोष्टीत गाव बदलून कोकणात नेता येत नाही, सीमाभाग काढला तर गोष्टच राहत नाही. बदलायचंच असेल तर बरोबरच्या चार-पाच जणांचं बदल, त्यांचे धंदे, वाडा, कोण आधी सुटलं कोण नंतर, ते सगळं काढूनच टाक. त्यांचं गुपित आपलं नाही.

मी शिकवायला लागले बघ, पाचवीला निबंध शिकवून शिकवून सवय झालीय. माफ कर. तू माझ्यापेक्षा चांगलं लिहितोस. तुझं ते बैल धुण्याचं पान मी शाळेत दोन बाईंना वाचून दाखवलं, नाव न सांगता, आणि दोघींनी विचारलं कोणी लिहिलंय.

एकच अजून. लिहिलंस तर हे शेवटच्या पानासाठी दडवून ठेवू नकोस. वाचणाऱ्याला सहा पानं शूर आज्जा दाखवायचा आणि सातव्यावर टोपी उडवायची, हे मला सहन होणार नाही. पहिल्याच पानावर सांगून टाक की चौथ्या रात्री तो घरी आला. मग पुढचं सगळं वेगळं दिसायला लागतं. दर १ जूनला आज्जा भल्या पहाटे शेताला निघून जायचा ते आठवतं ना तुला? गावात सत्कार ठरला तेव्हा तो न सांगता दोन दिवस मावशीकडे जाऊन बसला. मामा अजून भाषणात सांगतो, आमच्या बाबांना हारतुऱ्यांची हाव नव्हती. मी समोर बसलेली असते. मामा खोटं बोलत नाही, त्याला जे सांगितलं तेच तो सांगतो, आणि सांगणारी मीच.

म्हणून मला वाटतं यातलं माझं जेवढं आहे तेवढं लिहायला मला कोणाची परवानगी नको. परसाचं दार, टोपी, शाळेतल्या टाळ्या, हे माझं, ते तुला दिलं. भाकऱ्या थापताना बोललेलं वाक्य आज्जीचं, ते ती नाही म्हणाली तर नाही. कागदाचं काय ते मला अजून ठरवता येत नाही. पाहिला मी, पण ट्रंक तिची होती. आणि मामाला छापून यायच्या आधी मी स्वतः सांगणार, तू नाही. तो बोलेनासा झाला तर माझ्याशी होऊ दे.

तू कायदा वगैरे विचारून येतो म्हणाला होतास, गेलेल्या माणसाची बदनामी होते का म्हणून. विचार जरूर. पण आज्जी जिवंत आहे, पंच्याऐंशीला टेकलीय, रात्री झोप लागत नाही तिला. तिला ऐकून काय होईल हे वकील सांगणार नाही. परत तेच लिहितेय मी, ठरवलं होतं की आज्जीचं एकदाच लिहायचं.

शनिवारी शाळा सुटली की गावी जाते. वही घेऊन जाणार. मामा रविवारी बेळगावला बाजाराला जातो, घरात आम्ही दोघीच असू, तिचं जेवण झालं की दार ओढून घेईन आणि मी लिहिलंय तेच वाचीन, तोंडानं सांगणार नाही, सांगताना मी गोड करते. ती कुठं थांबवते ते पेन्सिलीनं खूण करून तुला फोटो पाठवीन. तोवर संपादकांना काही पाठवू नकोस. आणि तिसऱ्या पानावरचं ते वाक्य आजच काढ.

चिवडा पाठवलाय, मित्रांना दे पण सगळा नको.

तुझी
आई