दाढीपुराण

प्रिय बंडू,

पत्र नाही म्हणून रागावला असशील. खुशाल रागाव. पण दाढीबद्दल बोलायला मला दुसरं आहे कोण? घरात विषय काढला की "मग काढून टाका ना" एवढंच ऐकू येतं. तब्येत बरी आहे, गुडघा कुरकुरतोय.

डाव्या गालावरचं टक्कल अजून तसंच आहे, हसून घे. त्रास खाजेचा होता. आधी वाटलं, खुंट टोचतायत. कापलेल्या केसाचं टोक धारदार असतं, केस वाढला की टोचणं थांबतं. पण माझे केस वाढले आणि खाजही वाढली. मग तेल आणलं. शिफारस कोणाची, ते आठवतंय ना महाराज?

तेल लावलं की तासभर बरं वाटायचं आणि दुसऱ्या दिवशी दुप्पट खाज. शेवटी त्वचेच्या डॉक्टरांकडे गेलो. बाईंनी दाढीआधी भुवया आणि नाकाच्या कडा पाहिल्या. तिथेही पिवळसर, तेलकट पापुद्रे होते. म्हणाल्या, ही कोरडी त्वचा नव्हे, हा दाढीतला कोंडा, सेबोऱ्हिक डर्मटायटिस. मॅलासेझिया नावाची बुरशी सगळ्यांच्याच त्वचेवर असते आणि त्वचेवरच्या स्निग्धावर जगते. बहुतेक वनस्पती तेलंही तिला चालतात. म्हणजे मी रोज रात्री तिला जेवू घालत होतो! नुसत्या कोरड्या त्वचेला तेलाने आराम पडतो, तिथे तुझं खरं. पण भुवयांतही पापुद्रे असतील तर तेल आधी बंद.

उपाय दिला २ टक्के कीटोकोनाझोलचा शाम्पू, आठवड्यातून दोनदा. फेस केसांवर नाही, बोटांच्या पेरांनी खाली कातडीपर्यंत पोचवायचा, पाच मिनिटं ठेवायचा, मग धुवायचा. मी आधी लगेच धुऊन टाकत होतो, त्याने काही होत नाही. काही आठवड्यांनी खाज गेली. मात्र हे परत येतं, म्हणून अधूनमधून शाम्पू चालूच. दाढीचा बाम ठेवलाय, पण नखाएवढा आणि फक्त केसांना. मेणामुळे केस जागेवर बसतात.

टकलावर ना तेलाने काही उगवतं ना बामने. तिथे कामाचा ट्रिमरच. तू म्हणायचास, वाढव, झाकलं जाईल. उलट आजूबाजूचं रान दाट होतं आणि मोकळी जागा जास्त दिसते. गालांना ३ मिलिमीटरची कंगवी, हनुवटीला ६, म्हणजे फरक कमी जाणवतो. मानेवर अगदी मुळापर्यंत घासत नाही, नाहीतर कुरळे केस आत वळून पुटकुळ्या येतात. हो, टक्कल अचानक पडलं असतं, गोल आणि गुळगुळीत, तर गोष्ट वेगळी. ते डॉक्टरांनाच दाखवायचं. माझं कॉलेजपासूनचं, तू साक्षीदार आहेस.

वहिनींना नमस्कार. तुझ्या बदलीचं काय झालं? धाकटीची परीक्षा संपली असेल. ती तेलाची उरलेली बाटली तुझ्याकडे पाठवतोय, भुवया तपासून मगच उघड.

तुझा,
नंदू