उघडा प्लॉट, आत गेलेलं पोर आणि मालकाची जबाबदारी

माननीय संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

आमच्या कॉलनीत तीस बाय पन्नासच्या एका प्लॉटवर घराचं काम चाललं आहे. फूटिंगसाठी खड्डे खणले, त्यात कॉलमच्या सळया उभ्या केल्या आणि पाऊस लागला म्हणून काम थांबलं. रस्त्याकडच्या बाजूला फक्त हिरवी जाळी टांगलेली होती, तीही खालून सुटलेली. शेजारचा सहा वर्षांचा मुलगा चेंडूमागे त्या जाळीखालून आत गेला. खड्ड्याच्या काठची काळी माती त्याच्या पायाखाली सरकली आणि सळईचं टोक मांडीत घुसलं. पोर वाचलं, पण पाय पूर्ववत होईल की नाही हे डॉक्टर अजून सांगत नाहीत. त्या रात्री गल्लीत जो तो एकच विचारत होता, "पोरगं आत गेलंच कशाला? आई-बाप काय करत होते?"

इंदूरच्या दिवाणी न्यायालयात वकिली करण्यात माझं आयुष्य गेलं, म्हणून सांगतो की कायदा चौकशीला इथून सुरुवात करत नाही. दुर्दैवाने खुद्द त्या मुलाच्या वडिलांनीही ‘आपलंच चुकलं’ असं धरून ठेकेदाराने पुढे केलेल्या कागदावर सही करायची तयारी केली होती. म्हणून हे पत्र.

आपल्याकडे जागेच्या ताबेदाराची जबाबदारी ठरवणारा वेगळा अधिनियम नाही. न्यायालयं इंग्लंडच्या निवाड्यांचा आधार घेतात. ते बंधनकारक नाहीत, पण वाट दाखवतात. एके काळी ती वाट फार कठोर होती. 1929 साली अ‍ॅडी विरुद्ध डम्ब्रेक या खटल्यात कोळशाच्या खाणीवरच्या यंत्रात सापडून एक लहान मूल मेलं. मूल विनापरवानगी आत आलं होतं. मालकाने मुद्दाम इजा केली नाही किंवा बेदरकार वागला नाही, तर तो काही देणं लागत नाही, असं तेव्हा ठरलं. ही भूमिका 1972 साली हेरिंग्टन खटल्यात बदलली. विजेच्या रेल्वेमार्गालगतचं कुंपण मोडलेलं होतं, मुलं रुळांवर येतात हे स्टेशनमास्तरला आधी कळवलेलं होतं, तरी दुरुस्ती झाली नाही आणि सहा वर्षांचा एक मुलगा भाजला. परवानगीशिवाय आलेल्यालाही माणुसकीने वागवण्याचं बंधन ताबेदारावर आहे, असं तिथल्या सर्वोच्च पीठाने सांगितलं आणि रेल्वेला भरपाई द्यावी लागली.

आपल्या सर्वोच्च न्यायालयानेही चेरुबिन ग्रेगरी खटल्यात (एआयआर 1964) हेच सूत्र धरलं. बाहेरचं कोणी शौचालयात येऊ नये म्हणून एकाने तिथे उघडी वीजवाहक तार लावली आणि शेजारची बाई दगावली. ती न विचारता आली होती, हा बचाव चालला नाही. तिथे जाणूनबुजून लावलेला सापळा होता, इथे निष्काळजीपणा आहे, हा फरक मी मान्य करतो. पण ‘न विचारता आला, म्हणून त्याचा जीव मोलाचा नाही’ हा युक्तिवाद त्या दिवसापासून संपला.

म्हणजे प्लॉटवर मूल पडलं की मालक आपोआप दोषी, असंही नाही. न्यायालय साधारण तीन गोष्टी बघतं. मुलं इथे येऊ शकतात हे ताबेदाराला ठाऊक होतं का किंवा असायला हवं होतं का? धोका किती गंभीर होता? आणि तो टाळायला किती खर्च, किती श्रम लागले असते? आमच्या कॉलनीतला हा प्लॉट वर्षानुवर्षं रिकामा होता आणि गल्लीतली मुलं तिथेच क्रिकेट खेळत. खणायला सुरुवात झाली तेव्हा मुकादमानेच त्यांचे स्टंप उचलून बाहेर ठेवले होते. पहिल्या प्रश्नाचं उत्तर त्यातच आलं.

धोका कसा होता तेही नीट बघा. माळव्याची काळी माती कोरडी असते तेव्हा भिंतीसारखी उभी राहते आणि भिजली की काठासकट बसते. इथे तर खणलेली माती खड्ड्याच्या कडेलाच रचलेली होती. तिच्या भाराने काठ आणखी कच्चा झाला आणि वरून तो साधा ढिगाराच दिसत होता. मोठ्या माणसालाही तिथे पाय ठेवल्यावरच कळलं असतं. सळयांच्या टोकांवर ना प्लास्टिकच्या टोप्या, ना लाकडाची फळी. आणि खर्च? तीन बाजूंना शेजाऱ्यांच्या भिंती आहेत. बंद करायची होती ती फक्त समोरची तीस फूट बाजू. दहा-बारा पत्रे आणि माल उतरवायला दोन पत्र्यांचं फाटक. खड्डे खणायच्या आधी एका दिवसात होणारं काम आहे हे. हिरवी जाळी धूळ अडवते, मूल अडवत नाही. ‘प्रवेश निषेध’चा फलक सहा वर्षांच्या मुलाला वाचता आला तरी चेंडूपुढे त्याला तो दिसत नाही.

आता आई-बापांचं. समोरचा वकील फिप्स खटला नक्की काढेल, म्हणून त्याच्याकडे डोळेझाक करता येत नाही. 1955 चा हा निवाडा, आणि प्रसंगही आपल्यासारखाच. घरं बांधण्यासाठी घेतलेल्या मोकळ्या जमिनीवर पाच वर्षांचा मुलगा सात वर्षांच्या बहिणीबरोबर फिरत होता, गटाराच्या नळासाठी खणलेल्या खोल चरात पडला आणि पाय मोडून घेतला. न्यायमूर्ती डेव्हलिन यांनी दावा फेटाळला. लहान मुलांची पहिली जबाबदारी आई-बापांची. शहाणे पालक इतक्या लहान मुलांना अशा जागी एकटं सोडणार नाहीत असं धरून चालायचा जमीनमालकाला हक्क आहे, असं त्यांनी म्हटलं. मात्र शहाण्या पालकाला एखादी जागा सुरक्षित वाटावी असं कारण असेल, तर उत्तर बदलतं. आमच्या गल्लीत नेमकं तेच आहे. ते पोर कुठल्या लांबच्या माळावर गेलेलं नव्हतं, स्वतःच्या दारासमोर खेळत होतं. गल्लीत खेळायला सोडणं हा काही पालकांचा निष्काळजीपणा होत नाही. आणि पालकांकडून थोडी हयगय झालीच असेल, तरी ती मुलाच्या माथी मारून त्याची भरपाई कापता येत नाही. दावा मुलाचा असतो. मुलाची स्वतःची चूकही सहा वर्षांच्या मुलाच्या समजुतीने मोजतात, मोठ्यांच्या नव्हे.

पैसे कोणी द्यायचे यावरून मालक आणि ठेकेदार एकमेकांकडे बोट दाखवतात. जागेवर प्रत्यक्ष ताबा आणि नियंत्रण ज्याचं, तो ताबेदार. आणि असे एकाच वेळी दोघेही असू शकतात. खोदकाम ठेकेदाराचं असलं तरी रोज संध्याकाळी येऊन काम बघणारा मालक ‘मला काय माहीत’ म्हणू शकत नाही. दाव्यात दोघांनाही प्रतिवादी करावं आणि कोणाचा वाटा किती ते न्यायालयाला ठरवू द्यावं.

ज्या घरावर अशी वेळ येईल त्यांनी पुरावा त्याच दिवशी धरावा, कारण दुसऱ्या दिवशी तो उरत नाही. इथेही सकाळी सातला पत्रे ठोकलेले होते. बैल गेला नि झोपा केला! गल्लीतल्या एका कॉलेजच्या मुलाने रात्रीच मोबाइलवर फोटो काढले होते म्हणून बरं. सुटलेली जाळी, काठावरची माती, उघडी टोकं, सगळं त्यात आहे. दुसरं, इस्पितळात इजा कशी झाली ते खरं सांगावं. पोलिसांची झंझट नको म्हणून ‘घरी जिन्यावरून पडला’ असं लिहून घेणारे मी पाहिले आहेत. पुढे त्याच केसपेपरवर दावा बुडतो.

पोलिसांत भारतीय न्याय संहितेच्या कलम 125 खाली तक्रार होऊ शकते. निष्काळजीपणाने गंभीर दुखापत झाली तर तीन वर्षांपर्यंत कैद किंवा दहा हजारांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. पण तिथे गुन्हा संशयापलीकडे सिद्ध व्हावा लागतो आणि दंड मुलाच्या हातात पडत नाही. भरपाईसाठी दिवाणी दावाच लागतो. मोटार अपघातासारखं वेगळं न्यायाधिकरण यासाठी नाही, हे खरंच दुर्दैव. दावा अल्पवयीन मुलाच्या नावाने, वडील किंवा आई वादमित्र होऊन लावतात. फौजदारी प्रकरणात आरोपी सुटला तरी हा दावा मरत नाही.

वकिलाच्या फीचं भय बाळगू नये. 1987 च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्याच्या कलम 12 प्रमाणे मुलांना उत्पन्न कितीही असलं तरी मोफत कायदेशीर मदत मिळते. जिल्हा न्यायालयाच्या आवारातल्या विधी सेवा प्राधिकरणात अर्ज करायचा. मुदतीचंही तसंच. अल्पवयीनाच्या बाबतीत मुदतीचा काळ तो अठरा वर्षांचा झाल्यावर धावतो, म्हणजे त्याला स्वतःला एकविसाव्या वर्षापर्यंत दावा लावता येतो. पण तितकं थांबू नये. साक्षीदार कॉलनी सोडून जातात, बिलं हरवतात.

आणि तो कागद. ‘उपचाराचे पैसे मिळाले, पुढे काही तक्रार नाही’ अशा मजकुरावर पालकांनी घाईने सही करू नये. पाय वाढत्या वयात आखूड राहिला, पुन्हा शस्त्रक्रिया लागली, तर त्या पैशाने काय होणार? दावा चालू असताना मुलाच्या वतीने तडजोड करायची तर न्यायालयाची परवानगी लागते. तिच्याशिवाय केलेली तडजोड मुलाच्या बाजूने रद्द करून घेता येते. मला विचाराल तर तडजोडही न्यायालयासमोरच व्हावी. रक्कम मुलाच्या नावाने बँकेत ठेवायचा आदेश न्यायालय देऊ शकतं.

उघड्या बोअरवेलमध्ये मुलं पडायला लागली तेव्हा सर्वोच्च न्यायालयाने 2010 साली खोदकामाभोवती तारेचं कुंपण, केसिंगभोवती सिमेंटचा ओटा आणि काम झाल्यावर खड्डे बुजवणं बंधनकारक केलं. फूटिंगच्या आणि बेसमेंटच्या खड्ड्याला तितकीच स्पष्ट अट हवी. माझी नगर निगमाला विनंती अशी की बांधकाम परवानगी घेतलेल्याने खोदकाम सुरू करण्यापूर्वी समोरच्या बाजूच्या पत्र्यांचा फोटो झोनच्या भवन अधिकाऱ्याकडे द्यावा, आणि पावसाळ्यात काम थांबलं तर काठ आणि सळया झाकल्याचा दुसरा फोटो. तो आला नाही तर परवानगी स्थगित व्हावी. आमच्या गल्लीतच आणखी दोन प्लॉट आज उघडे आहेत आणि शाळा सुटल्यावर मुलं त्यांच्यासमोरच खेळतात.

आपला नम्र,
एक निवृत्त वकील
सुदामा नगर, इंदूर