एकतीस स्लाइडच्या तेरा कर

टिळकवाडी, बेळगाव
रविवार

चि. छकुली हिस,
अनेक आशीर्वाद.

काल रात्री तू पाठवलेल्या मुलाखतीच्या ३१ स्लाइड मी सकाळी चष्मा पुसून पुसून पाहिल्या. आई म्हणाली, फोन कर. पण फोनवर तू "हो बाबा, हो बाबा" म्हणून मोकळी होतेस, म्हणून लिहितोय. शांतपणे वाच.

उद्यमबागेत डिझाइन खात्यात मी सव्वीस वर्षं काढली. त्यातली शेवटची नऊ-दहा वर्षं टेबलाच्या पलीकडे, मुलाखत घेणाऱ्यांत बसलो. तिथून जे दिसतं ते सांगतो. तुला वीस मिनिटं दिलीत आणि तू नऊ प्रोजेक्ट मांडलेस. म्हणजे एकाला दोन मिनिटं. दोन मिनिटांत कुणालाही फक्त "हे काम चांगलं झालं" एवढंच सांगता येतं, आणि तेवढं ऐकायला कुणी बोलावत नाही.

तीनच ठेव. जाहिरात पुन्हा काढून वाच. त्यांना व्हॉल्व्ह बॉडीचं कास्टिंग डिझाइन करणारी आणि फाउंड्रीशी बोलू शकणारी माणसं हवीत. म्हणून पंप हाउसिंगच्या गळतीचं काम मुख्य धर आणि त्याला नऊ मिनिटं दे. ओ-रिंग फाटण्याचं प्रकरण पाच मिनिटांत सांग. लीक टेस्टचं फिक्स्चर लहान आहे, पण पहिल्या रेघेपासून तुझं एकटीचं आहे, त्याला तीन मिनिटं पुरतील. उरलेली तीन मिनिटं सुरुवातीची ओळख आणि मध्ये कुणी थांबवलं तर त्यासाठी. कॉलेजातली गो-कार्ट काढून टाक. मला ठाऊक आहे तुझा त्यात जीव आहे, पण चार वर्षं नोकरी केल्यावरही कॉलेजचं काम पुढं केलं की पॅनेलला वाटतं, मधल्या काळात काही घडलंच नाही.

आता हाउसिंग. तुझी पहिली ओळ आहे, "आम्ही गळतीचं प्रमाण कमी केलं." हे 'आम्ही' पॅनेलच्या कानाला लगेच खटकतं. पण त्याच्या जागी नुसतं 'मी' घातलंस तर त्याहून वाईट, कारण एका माणसानं हाउसिंग दुरुस्त होत नसतं हे समोरच्या तिघांनाही माहीत असतं. कोणाच्या हातून काय झालं ते सरळ सांगायचं. दिवाळीत तू मला जसं सांगितलंस तसंच लिहून दाखवतो:

"पहिल्या ४० कास्टिंगपैकी ९ हवेच्या टेस्टला पाण्यात बुडबुडे सोडत होती. त्यातली दोन मी पोर्टच्या जागी कापून घेतली. दोन्हीत एकाच ठिकाणी, बॉसचा जाड उंचवटा जिथं फ्लँजला मिळतो तिथं, आतला धातू स्पंजासारखा होता. भिंत ८ मिलिमीटरची, पण त्या सांध्यात ड्रॉइंगवर २४ मिलिमीटरचं वर्तुळ मावत होतं. जाड भाग शेवटी थिजतो, तोवर आजूबाजूचं घट्ट झालेलं असतं, आकसणाऱ्या धातूला भर मिळत नाही. नंतर पोर्टचं ड्रिल त्या पोकळीला वाट करून देतं. मी मागच्या बाजूनं कोअर घालून बॉस पोकळ करायचं सुचवलं, वर्तुळ १३ वर आलं. ड्रॉइंग माझं. स्ट्रेस ॲनालिसिस सहकाऱ्यानं केलं, त्याला लोड मी काढून दिले. कोअरबॉक्स पॅटर्नवाल्यांनी बदलला, धातू कुठून सोडायचा ते फाउंड्रीनं ठरवलं, आणि दोन आठवडे उत्पादन थांबवायची परवानगी साहेबांनी दिली."

बघ, पाच जणांची कामं सांगूनही तुझं काम कुठं झाकलं गेलं नाही, उलट उठून दिसतं. पॅनेल पुढं काय विचारणार तेही मला माहीत आहे, मीच विचारायचो: "भर पुरवणारा रायझरच मोठा का नाही केला?" हा प्रश्न तुला अडवायला नसतो. काम खरंच तुझं आहे की शेजारच्या टेबलावरून पाहिलेलं, हे त्यात कळतं. ज्यानं काम केलं असतं त्याला नाकारलेले रस्ते आठवतात. तुझं उत्तर तयार आहेच: फाउंड्रीनं आधी तेच सुचवलं होतं, पण रायझर आणि बॉस यांच्या मधली ८ मिलिमीटरची भिंत आधीच थिजते, मग रायझरात कितीही धातू असला तरी तो पोचणार कसा? ही एक स्लाइड वाढव. नाकारलेला उपाय आणि का नाकारला, एवढंच.

टक्क्यांबद्दल. "गळती ८५ टक्क्यांनी घटली" असं मोठ्या अक्षरात लिहिलंयस ते खोड. "४० पैकी ९, बदलानंतर ६० पैकी २" असं लिही. पॅनेलमधला एखादा खवट माणूस (बहुतेक मीच) किती नगांवर असं विचारणारच, आणि तेव्हा आकडा शोधत बसलीस की आधीच्या सगळ्यावरही शंका येते. बदलानंतरही गळलेल्या त्या दोन नगांचंही सांग. त्यांच्या पोकळीच्या भिंती गुळगुळीत होत्या, म्हणजे तो वायूचा ब्लोहोल, आकसण्याचा खडबडीतपणा नव्हे. ते कारण वेगळं, तुझ्या बदलानं ते जाणारच नव्हतं. हे आपणहून बोललीस तर बरं.

ओ-रिंगचं प्रकरण तू शेवटच्या स्लाइडवर लाजल्यासारखं लपवलंयस. ते वर आण. फट जास्त ठेवली ही चूक तुझीच होती, आणि दाबाखाली रिंग त्या फटीत घुसून एका कडेनं कुरतडली गेली. मग बॅकअप रिंग घातलीस, फट कमी केलीस. कुरतडलेल्या कडेवरून तू कारण ओळखलंस ते नीट सांग. चूक सांगताना "वेळ कमी होता" वगैरे नको.

अजून एक, आणि यात तडजोड नाही. स्लाइड ७ आणि १२ वर कंपनीची मूळ ड्रॉइंगं आहेत, कोपऱ्यात ग्राहकाचं नावही दिसतंय. ती आजच काढ. सांध्याचं चित्र पेन्सिलीनं काढून फोटो घाल, मापांत फक्त ८, २४, १३ ठेव, आणि तेवढीही मापं दाखवायला चालतील का ते तुझ्या साहेबांना विचार. जिथं आत्ता आहेस तिथलं गुपित तू टेबलावर ठेवलंस, तर उद्या त्यांचंही ठेवशील असंच ते म्हणतील. आमच्याकडे एक हुशार मुलगा एवढ्यावरूनच नाकारला गेला होता.

कापलेला तुकडा हातात द्यावा असं तुझ्या मनात होतं ना? कंपनीचा आणू नकोस. आपल्या उद्यमबागेतल्या मोल्डरमामांकडे भंगारातलं एक कापलेलं कास्टिंग मिळालं, तसाच स्पंज आतून. कन्नडमधून चार गोष्टी ऐकवल्या मला, पण दिलं. ते दाखवताना "हा माझ्या प्रोजेक्टचा नाही, अशीच पोकळी समजावी म्हणून आणलाय" हे पहिल्या वाक्यात बोल.

तेरा स्लाइड करून मंगळवारी रात्री पाठव. मी घड्याळ लावून फोनवर ऐकतो, आई प्रश्न विचारेल. तिला कास्टिंगमधलं काही कळत नाही, म्हणूनच. पॅनेलवर एचआरची बाई असतेच. तुकडा बुधवारच्या गाडीनं काकाबरोबर पाठवतोय, त्याच पिशवीत कुंद्याचा डबा आहे. तुकडा जड आहे, डबा वर ठेवायला सांगितलंय.

तुझे,
बाबा