सूचना : जोखीम नोंदवहीचा सारांश, शनिवारची बैठक

सर्व विभागप्रमुख आणि शाखाधिकाऱ्यांना नमस्कार,

शनिवारी सकाळी 11 वाजता टिळकवाडी कार्यालयात सगळ्यांच्या याद्या एकत्र करायच्या आहेत. उरलेल्या याद्या गुरुवार संध्याकाळपर्यंत पाठवा.

एकच जोखीम तीन नावांनी आली आहे. खानापूर शाखा लिहिते 'पावसात लाईट जाते' (शक्यता 4, परिणाम 3), संगणक विभाग 'यूपीएसची बॅटरी जुनी' (3, 4), हिशेब विभाग 'दिवसअखेर खाती जुळत नाहीत' (2, 4). लाईट जाणं कारण, बॅटरी कच्चा दुवा, खाती न जुळणं परिणाम. म्हणून नोंद एकच.

गुणाकार 12, 12 आणि 8. सरासरी काढली तर जेमतेम 11 येते आणि नोंद खाली घसरते. (मागच्या वेळी मीच ही चूक केली होती.) शक्यता खानापूरची 4, परिणाम 4, म्हणजे 16 धरू. तिघांनी मान्य केलं तरच.

निपाणीचं 'नेट बंद पडतं' मात्र यात मिसळू नका. कारण वेगळं, जबाबदार माणूसही वेगळा.

- मूळ नोंद क्रमांक खोडू नका.
- गुण सारखे आले तर जास्त परिणामाची नोंद वर.
- प्रत्येक नोंदीपुढे एकाच जबाबदार व्यक्तीचं नाव हवं. 'सर्वजण' चालणार नाही.