प्रोजेक्ट झाला, पेन्शन थांबली

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

कालच्या पुरवणीत 'किशोरांसाठी समाजसेवेचे दहा उपक्रम' अशी यादी आहे. झाडे लावा, प्लॅस्टिक गोळा करा, आणि चौथ्या क्रमांकावर 'शेजारच्या आजीआजोबांना डिजिटल साक्षर करा'. त्या चौथ्या क्रमांकाखाली जेमतेम चार ओळी आहेत. चार ओळीत जे मावले नाही, ते सांगायला हे पत्र.

मी बँकेत पेन्शनच्या टेबलावर बरीच वर्षे काढली आहेत. नोव्हेंबर म्हणजे पेन्शनरांच्या हयातीच्या दाखल्याचा महिना, हे मला कुणी शिकवायला नको. गेल्या नोव्हेंबरात आमच्या सोसायटीत एका शाळेची नववीची मुले आली. गणवेश कडक इस्त्रीचे, सोबत प्रोजेक्टर आणि 'डिजिटल भारत' या विषयाची लांबलचक स्लाइडमाला. एका स्लाइडवर लाल अक्षरांत होते : 'ओटीपी कुणालाही सांगू नका.' छान. स्लाइडा संपल्या, मुले एकेका ज्येष्ठाच्या शेजारी बसली, आणि दोन मिनिटांत क्लबरूमभर एकच गजर सुरू झाला, "आजी, ओटीपी आला असेल, सांगा ना पटकन!"

आमच्या शेजारच्या वहिनींना कुटुंब निवृत्तिवेतन मिळते. भाऊसाहेब केंद्र सरकारच्या नोकरीत होते. वहिनींच्या वाट्याला आलेल्या मुलाने त्यांचा फोन हातात घेतला तो शेवटपर्यंत परत दिला नाही. हयातीचा दाखला फोनवरून देण्याचे जीवन प्रमाणचे अ‍ॅप आणि चेहरा ओळखणारे आधारचे अ‍ॅप, दोन्ही त्यानेच उतरवले. आधार क्रमांक, पेन्शनच्या आदेशाचा म्हणजे पीपीओ क्रमांक, खाते क्रमांक सगळे त्यानेच भरले. 'पुनर्विवाह केला आहे का?' हा प्रश्न आला तेव्हा तो खुदकन हसला आणि न विचारताच 'नाही' करून पुढे गेला. (कुटुंब निवृत्तिवेतनात हा प्रश्न थट्टेचा नाही. त्याच्या उत्तरावर कधी कधी पेन्शन अवलंबून असते. असो.) वहिनींनी कॅमेऱ्यासमोर डोळे मिचकावले, दाखल्याचा क्रमांक म्हणजे प्रमाण आयडी आला, मुलाने स्क्रीनशॉट घेतला, "झालं आजी!" म्हणाला, आणि सगळे फोटोसाठी जिन्यावर गेले.

डिसेंबरची पेन्शन जमा झाली नाही.

वहिनी पासबुक घेऊन माझ्याकडे आल्या, तेव्हा कुठे उलगडा झाला. त्यांची खाती दोन बँकांत आहेत. मुलाने पर्समधले वरचे पासबुक उचलले, ते दुसऱ्या बँकेचे होते. पेन्शन देणारी बँकही अर्थातच तीच निवडली. आता इथे जी गोष्ट शाळेतल्या शिक्षकांनाही ठाऊक नसते, ती अशी की प्रमाण आयडी मिळाला म्हणजे दाखला स्वीकारला गेला असे नव्हे. आयडी संगणक देतो. पेन्शन देणारे कार्यालय तो नंतर आपल्या नोंदींशी ताडून पाहते आणि पीपीओ किंवा खाते जुळले नाही तर नाकारते. मग बरोबर माहिती भरून नवा दाखला करावा लागतो, जुना दुरुस्त होत नाही. नाकारल्याचा निरोप वहिनींच्या फोनवर आलेला होता, पण इंग्रजीत, आणि साड्यांच्या सेलच्या निरोपांखाली गाडलेला. स्लाइडमालेत 'आलेला एसएमएस कसा वाचावा' हा विषय नव्हता. शाळेच्या फाइलीत मात्र 'लाभार्थी' म्हणून वहिनींचे नाव असणारच.

मुलाचा मला राग नाही. त्याला तास भरायचे होते. सीबीएसईने नववी ते बारावीसाठी 'सेवा' नावाचा उपक्रम २०१८-१९ पासून ठेवला आहे, राष्ट्रीय सेवा योजनेत वर्षाला १२० तास असतात. तास मोजले जातात, त्या तासांत आजींना काय करता आले हे कोण मोजतो? फोन ज्याच्या हातात, तो शिकतो. त्या दिवशी नववीतला मुलगा शिकला.

दाखला नव्याने करायला दुसऱ्या मजल्यावरची एक मुलगी बसली. तिच्या कुठल्याही प्रोजेक्टचा यात संबंध नव्हता. मी तिला एकच अट घातली होती, फोनला बोट लावायचे नाही. बोट वहिनींचे, ही फक्त तोंडाने सांगणार. वेळ लागला, चिडचिड झाली, चहा दोनदा झाला. चेहरा काही केल्या ओळखला जाईना, कारण वहिनी खिडकीकडे पाठ करून बसल्या होत्या आणि चष्म्यावर ट्यूबलाइट चमकत होती. खुर्ची फिरवली, चष्मा काढला, फोन डोळ्यांच्या रेषेत धरला, मग एकदम जमले. (म्हातारपणी बोटांचे ठसे झिजतात, म्हणून तर ही चेहऱ्याची सोय आली. अंगठ्याच्या यंत्रावर घासूनघासून रडकुंडीला आलेली माणसे मी टेबलापलीकडे पाहिली आहेत.) पीपीओ क्रमांक मुलीने मोठ्याने वाचायला लावला, पासबुकावर पेन्शनची नोंद कुठे आहे ती वहिनींकडूनच शोधवून घेतली. सगळे टप्पे वहिनींनी स्वतःच्या हाताने डायरीत लिहिले. आणि खरी गंमत पुढे आहे : ती मुलगी पुढच्या रविवारी परत आली. 'प्रमाण आयडी टाकून दाखल्याची स्थिती तुम्हीच बघा,' म्हणाली, आणि गप्प बसली. वहिनींनी डायरी उघडून, अडखळत, पाहिली. दाखला स्वीकारला गेला होता. थकलेली रक्कमही पुढे जमा झाली.

तुमच्या यादीत चौथ्या क्रमांकापुढे एवढेच लिहिले असते तरी पुष्कळ होते : एका मुलाला एकच आजी, कामही एकच, फोन आजींच्या हातात, आणि आठवड्याने परत जाऊन काही न बोलता बघणे. आणि हे सगळे नोव्हेंबरातच उरकायची घाईही सगळ्यांना नको. ज्यांना भविष्यनिर्वाह निधीची, म्हणजे ईपीएस-९५ची पेन्शन आहे, ते दाखला वर्षात केव्हाही देऊ शकतात, तो दिल्यापासून वर्षभर चालतो. मुलांनी मात्र आमच्या गिरणीतून निवृत्त झालेल्या काकांनाही 'नोव्हेंबर संपत आला' म्हणून घाबरवून सोडले. पेन्शन कोणती, हे आधी विचारायचे असते, एवढे तरी त्यांना कुणी सांगायला हवे होते.

पैशांच्या व्यवहाराचे शिकवायचेच असेल तर मुलांनी 'यूपीआय कसे सुरू करावे' यापासून सुरुवात करू नये, एवढी विनंती. पिन पैसे देताना लागतो, घेताना कधीच लागत नाही, आणि फसलो तर लगेच १९३० वर फोन करायचा, हे दोन मुद्दे आजींनी स्वतःच्या शब्दांत परत सांगेपर्यंत पुढे जायचे नाही. बाकी यूपीआय राहिले तर राहिले. किराणावाला रोख घेतो अजून.

जाता जाता एक. त्या लेखाखाली 'अधिक माहितीसाठी स्कॅन करा' म्हणून एक चौकोन छापला आहे, आणि त्याखाली मुंगीच्या पायाएवढ्या अक्षरांत काहीतरी. ज्येष्ठांना फोन कसा वापरावा हे शिकवणाऱ्या लेखाची माहिती फोनने चौकोन स्कॅन करून मिळवायची, ही कल्पना कुणाची? वहिनींनी भिंग लावून वाचायचा प्रयत्न केला, मग तुमच्या कार्यालयात फोन लावला. तिकडून 'मराठीसाठी एक दाबा' झाले, एक दाबला, आणि बराच वेळ संगीत ऐकून फोन बंद झाला. पुढच्या वेळी त्या जागी पत्ता आणि दूरध्वनी क्रमांक छापावा, आणि तो उचलायला माणूस ठेवावा.

कळावे,
आपला नियमित वाचक
(एक निवृत्त बँक कर्मचारी)
डोंबिवली पूर्व