बॅच कोड खरा, माल नकली: परतावा नाकारल्याबद्दल तक्रार

प्रति,
तक्रार निवारण अधिकारी,
ग्राहक सेवा विभाग

विषय : तुमच्या संकेतस्थळावरून घेतलेले व्हिटॅमिन सी सीरम नकली असल्याबाबत आणि ‘बॅच कोड वैध आहे’ या कारणावरून परतावा नाकारल्याबाबत

महोदय/महोदया,

तुमच्या संकेतस्थळावरून मी एका ब्रँडच्या व्हिटॅमिन सी सीरमच्या 30 मिलीच्या दोन बाटल्या मागवल्या होत्या. त्या नकली असल्याचे मी फोटोंसह कळवले. त्यावर तुमच्या ग्राहक सेवेकडून उत्तर आले की, खोक्यावरचा बॅच कोड तपासला असता तो वैध निघाला, विक्रेत्याचे मानांकन उत्तम आहे, त्यामुळे माल अस्सल आहे आणि परतावा देता येणार नाही. ही दोन्ही कारणे मला मान्य नाहीत. ती का टिकत नाहीत ते सविस्तर लिहिते आहे, कारण हेच उत्तर तुम्ही इतर ग्राहकांनाही देत असणार.

आधी बॅच कोडचे पाहू. एका वेळी एकत्र बनवलेल्या आणि भरलेल्या मालाला कारखाना एक क्रमांक देतो, तो बॅच कोड. हजारो बाटल्यांवर तोच एक क्रमांक असतो. पुढे काही दोष आढळला तर नेमका कोणता माल परत मागवायचा हे कळावे, हा त्याचा उद्देश. प्रत्येक बाटलीची वेगळी ओळख पटवणे हे त्याचे काम कधीच नव्हते. नकली माल करणाऱ्याला एक अस्सल बाटली विकत घेऊन तिच्यावरचा क्रमांक आपल्या सगळ्या खोक्यांवर छापायला काहीच कष्ट पडत नाहीत. बॅच कोड टाकला की उत्पादनाची तारीख सांगणारी जी संकेतस्थळे आहेत, ती फक्त क्रमांकाची मांडणी वाचून तारीख काढतात. तुमच्या हातातली बाटली त्यांनी पाहिलेली नसते. क्रमांक मांडणीत बसला नाही तर संशय घ्यायला जागा आहे, पण बसला म्हणून माल अस्सल ठरत नाही.

माझ्या दोन्ही खोक्यांवर आणि दोन्ही बाटल्यांवर 40721 हा कोड आहे. या ब्रँडच्या पद्धतीत पहिला आकडा वर्षाचा, पुढचे तीन वर्षातल्या दिवसाचे आणि शेवटचा भरणाच्या यंत्राचा. म्हणजे 2024 सालचा 72 वा दिवस, 12 मार्च. (ही या ब्रँडची रीत झाली, प्रत्येक कंपनीची वेगळी असते. शिवाय वर्षाला एकच आकडा असला की दर दहा वर्षांनी तोच पुन्हा येतो.) इथवर तुमचे म्हणणे बरोबर आहे, असा कोड खरोखर आहे. पण मी ब्रँडच्या ग्राहक सेवेला कोडबरोबर बाटलीचे आकारमानही कळवले आणि या कोडाखाली नेमके काय भरले होते असे विचारले. त्यांचे लेखी उत्तर सोबत जोडले आहे. 40721 या बॅचमध्ये फक्त 15 मिलीच्या बाटल्या भरल्या होत्या. माझ्या बाटल्या 30 मिलीच्या आहेत. या एका उत्तराने प्रकरण मिटायला हवे होते.

कोड वैध आहे का, एवढ्यावर तपासणी थांबता कामा नये. तो कोणत्या उत्पादनाचा, किती मिलीचा, त्यावरून निघणारी तारीख खोक्यावरच्या अंतिम तारखेशी जुळते का, हे विचारायला हवे. ब्रँड या सीरमला 24 महिन्यांची मुदत देतो, म्हणजे मार्च 2026. माझ्या खोक्यावर मार्च 2027 छापले आहे. हा विसंवाद ब्रँडला न विचारताही दिसला असता.

आता छपाई. खोक्याची रंगीत छपाई छापखान्यात आधीच झालेली असते. कोड मात्र माल भरताना, चालत्या पट्ट्यावर, शाईच्या फवाऱ्याने, लेझरने किंवा दाबून उमटवतात. म्हणून अस्सल खोक्यांवर त्याची जागा एका खोक्यापासून दुसऱ्यापर्यंत थोडीफार हलते, आणि तो चकचकीत थराच्या वर बसलेला किंवा पुठ्ठ्यात रुतलेला दिसतो. तुलनेसाठी मी ब्रँडच्या स्वतःच्या संकेतस्थळावरून तेच सीरम मागवले. त्या खोक्यावरचा कोड सुट्या काळ्या ठिपक्यांचा आहे, किंचित तिरका आहे आणि बोट फिरवले की वेगळा जाणवतो. तुमच्याकडून आलेल्या दोन्ही खोक्यांवर तो अगदी एकाच जागी आहे, चकचकीत थराच्या खाली आहे, आणि भिंगातून पाहिले तर त्याचे ठिपके बाजूच्या मजकुरासारखेच आहेत. याचा अर्थ कोड खोक्याच्या चित्राबरोबरच छापला गेला. एक क्रमांक कायमचा धरून खोक्यांचा गठ्ठाच्या गठ्ठा छापणाऱ्याचेच हे काम आहे. तुमच्या उत्पादन-पानावर ग्राहकांनी टाकलेले फोटो पाहा. त्यांत वर्षभराहून अधिक अंतराने आलेल्या खोक्यांवरही 40721 हाच कोड दिसतो. एवढा काळ एकच बॅच विक्रीत कशी राहते, याचे उत्तर विक्रेत्याकडून मागायला हवे.

खोक्यावर प्लॅस्टिकचे पातळ आवरण होते, हाही मुद्दा तुमच्या उत्तरात आहे. तसे आवरण गरम हवेने कोणीही चढवू शकतो. बारकोडचाही आधार घेऊ नका. एका उत्पादनाच्या एका आकाराच्या सगळ्या बाटल्यांना एकच बारकोड असतो आणि त्याचीही नक्कल होते. त्यातले पहिले तीन आकडे फक्त तो क्रमांक जीएस1 या संस्थेच्या कोणत्या शाखेने दिला ते सांगतात. माल कुठे तयार झाला, हे त्यावरून कळत नाही.

आतल्या द्रवाबद्दल मी जपून लिहिते आहे. लेबलवर 15 टक्के एल-ॲस्कॉर्बिक आम्ल असल्याचे म्हटले आहे. हे आम्ल पाण्यात असताना त्वचेत शिरावे म्हणून पीएच साडेतीनच्या खाली ठेवावा लागतो. ब्रँडकडून आलेल्या बाटलीतला थेंब पीएच पट्टीवर टाकला तेव्हा रंग 3 च्या खुणेजवळ आला. तुमच्याकडून आलेल्या बाटल्यांपैकी एकीतला थेंब 6 च्या खुणेवर गेला. ज्या सीरमवर ब्रँड इतके आम्ल असल्याचे सांगतो आणि ज्याच्या अस्सल बाटलीत ते पट्टीवर दिसते, त्याच नावाचे द्रव इतके सौम्य कसे? पट्टीचा हा उपयोग पाण्यात बनवलेल्या द्रवापुरताच आहे. तेलात बनवलेल्या सीरमवर किंवा घट्ट मलमावर तो भरवशाचा नाही. रंगाचा आधार मी मुद्दामच घेतलेला नाही. व्हिटॅमिन सी हवा, उष्णता आणि उजेड लागून पिवळे, मग तपकिरी होते, त्यामुळे उन्हात पडून राहिलेली अस्सल बाटलीही गडद दिसू शकते. आणि जुनी अस्सल बाटली पुन्हा भरलेली असेल तर बाहेरच्या एकाही खुणेवरून काहीच कळणार नाही. आत नेमके काय आहे ते प्रयोगशाळाच सांगेल. नकली प्रसाधनांमध्ये पारा आणि तीव्र स्टेरॉइडे सापडलेली आहेत, आणि ती डोळ्यांना किंवा नाकाला कळत नाहीत. म्हणूनच हे द्रव मी चेहऱ्याला लावलेले नाही.

विक्रेत्याच्या मानांकनाबद्दल तुम्ही जे लिहिले आहे त्याने मला सर्वात जास्त अस्वस्थ केले. उत्पादन-पानावर दिसणारे तारे त्या उत्पादनाचे असतात. एकाच पानावर अनेक विक्रेते माल विकतात, आणि अस्सल माल विकणाऱ्याने मिळवलेल्या चांगल्या अभिप्रायांचा फायदा पुढच्या कोणत्याही विक्रेत्याला आपोआप मिळतो. पानाच्या वर ब्रँडचे नाव असते, ‘विक्रेता’ म्हणून दुसरे नाव खाली बारीक अक्षरात असते, आणि खरेदीच्या बटणामागचा विक्रेता दिवसागणिक बदलू शकतो. माझ्या बाबतीत पानावर एका विक्रेत्याचे नाव होते आणि बिलावर दुसऱ्याच संस्थेचे. ब्रँडने आपल्या संकेतस्थळावर अधिकृत विक्रेत्यांची यादी दिली आहे. तिच्यात ही दोन्ही नावे नाहीत. त्या विक्रेत्याच्या पानावर फोनची आवरणे, खेळणी आणि केवळ तीन नामांकित ब्रँडची सीरमे आहेत, बाकी त्वचेसाठीचे काहीही नाही. बिलावरच्या पत्त्यावर पाठवलेले नोंदणीकृत पत्र ‘पत्ता सापडत नाही’ या शेऱ्यासह परत आले. त्याची प्रत जोडली आहे.

एक गोष्ट तुम्हीच सांगू शकता. माल तुमच्या गोदामातून आला होता. तुमच्या गोदामात एकाच बारकोडचा माल, विक्रेता कोणीही असो, एकत्र ठेवला जातो का? तसे असेल तर मला आलेली बाटली बिलावरच्या विक्रेत्याची होती की दुसऱ्या कोणाची, हे तुमच्या नोंदींवरून सिद्ध करता येते का? येत नसेल, तर जबाबदारी विक्रेत्याकडे बोट दाखवून संपत नाही.

माझ्या मागण्या अशा :

पूर्ण रक्कम परत करावी. बाटल्या मी विक्रेत्याला परत पाठवणार नाही, कारण मग पुरावाच उरणार नाही. एक बाटली मी पीएच तपासण्यासाठी उघडली. दुसरी न उघडता, खोक्यासह आणि बाहेरच्या पाकिटासह जपून ठेवली आहे. ती तपासणीसाठी ब्रँडच्या ताब्यात देण्यास मी तयार आहे, पोच घेऊन.

या विक्रेत्याचा उरलेला साठा गोदामात अडवून ठेवावा, आणि 40721 कोड असलेल्या 30 मिलीच्या प्रत्येक बाटलीची विक्री ताबडतोब थांबवावी. हा माल ज्यांना गेला आहे त्या सगळ्यांना तुम्ही थेट कळवावे. त्यांचे पत्ते तुमच्याकडे आहेत, माझ्याकडे नाहीत. त्यातले काही जण रोज सकाळी हे द्रव चेहऱ्याला लावत असतील.

विक्रेत्याचे नोंदणीकृत नाव आणि पत्ता खरेदीच्या बटणाशेजारी, बिलावर असतो तसाच दाखवावा. आणि ग्राहक सेवेच्या कर्मचाऱ्यांनी ‘कोड वैध आहे’ हे परतावा नाकारण्याचे कारण म्हणून वापरणे बंद करावे. संशय असेल तिथे त्यांनी कोड, आकारमान आणि अंतिम तारीख या तिन्ही गोष्टी ब्रँडला कळवून लेखी उत्तर घ्यावे. मला ते उत्तर एका ईमेलने मिळाले.

या पत्राचे लेखी उत्तर 15 दिवसांत, तुमच्या अधिकाऱ्याच्या नाव-हुद्द्यासह पाठवावे. तयार मजकुराचे उत्तर मी उत्तर म्हणून स्वीकारणार नाही. या पत्राची प्रत ब्रँडच्या ग्राहक सेवेला आणि ग्राहक संरक्षण यंत्रणेला पाठवत आहे.

कळावे,
आपली ग्राहक

सोबत : ऑर्डर आणि बिलाची प्रत, तिन्ही खोक्यांचे, त्यांच्या कोडांचे आणि अंतिम तारखांचे जवळून काढलेले फोटो, पीएच पट्ट्यांचा एकत्र फोटो, ब्रँडचे लेखी उत्तर, परत आलेले नोंदणीकृत पत्र, उत्पादन-पानावरील ग्राहकांच्या फोटोंच्या तारखांसह प्रती